कीबोर्डचा आवाज आणि घरातली झोप

रविवार सकाळची गोष्ट आहे. आमचे हे रात्रपाळी करून सातला घरी येतात, चहा घेतात आणि पडद्यापलीकडे आडवे होतात. घर दोन खोल्यांचे, मधे भिंत नाही, पडदाच आहे. आठवडाभर मी कार्यालयात लिपिक म्हणून टंकलेखन करते. रविवारी सकाळी वस्तीतल्या लोकांचे अर्ज, विनंत्या, स्मरणपत्रे टाइप करून देते. त्या दिवशी नवा कीबोर्ड जोडला होता. मी मोठ्या उत्साहाने अर्ध्या पानाचा अर्ज टाइप केला. तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला, "अगं, पत्र्यावर पाऊस पडतोय का?"

पाऊस नव्हता. तो माझा कीबोर्ड होता.

त्यानंतरचे तीन-चार महिने मी त्या कीबोर्डच्या आवाजामागे आणि स्पर्शामागे लागले. एका लहानशा बटणाच्या पोटात काय असते हे मला ठाऊक नव्हते. ते समजले तेव्हा घरातली झोपही वाचली आणि माझी बोटेही. आपल्या घरांतून आता मुले-मुली संगणकावर अभ्यास करतात, भगिनी घरी बसून टायपिंगची कामे घेतात. त्यांना उपयोग होईल म्हणून हा अनुभव लिहिते.

बी. कॉम. झाल्यावर मी टायपिंग क्लासला जात असे. मराठी ३० आणि मग ४० शब्दांची परीक्षा दिली. तेव्हा सगळे टाइपरायटरवर चाले. तिथे बटण दाबले की लोखंडी दांडी उठून फितीवर आपटे. हलका ठोका दिला तर अक्षर फिके उमटे, म्हणून बाई आमच्या पाठीशी उभ्या राहून म्हणत, "जोर लाव, बोट खालपर्यंत जाऊ दे." ती सवय हाडात मुरली. पुढे कार्यालयात संगणक आला, पण माझे बोट अजून टाइपरायटरवरच होते.

कार्यालयातला साधा कीबोर्ड आतून कसा असतो ते आधी सांगते. त्यात प्रत्येक बटणाखाली रबराची छोटी टोपी असते आणि त्याखाली प्लॅस्टिकचे पातळ पडदे. बटण दाबले की रबर दबते, पडदे एकमेकांना टेकतात आणि अक्षर उमटते. म्हणजे अक्षरासाठी बटण जवळजवळ तळापर्यंत न्यावेच लागते. रबर जुने झाले की काही बटणे घट्ट होतात, काही ढिली. दिवसभर असे दाबून संध्याकाळी माझ्या मधल्या बोटाचे पेर ठणकत असे.

माझा भाचा संगणक दुरुस्तीचे काम करतो. त्याला हे सांगितले, तेव्हा त्याने एक मेकॅनिकल कीबोर्ड आणून दिला. या कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो. याची आणखी एक सोय होती. त्यातले स्विच चिमट्याने उपटून दुसरे बसवता येतात. भाच्याने तीन जातींचे स्विच तीन पिशव्यांत घालून दिले आणि म्हणाला, "मावशी, दुकानात दोन बटणं दाबून काही कळत नाही. एकेक जात महिनाभर वापर, मग सांग."

त्याने एक स्विच माझ्यासमोर उघडला. खालचा प्लॅस्टिकचा डबा, वरचे झाकण, मधे वर-खाली सरकणारी दांडी, दांडीखाली एक बारीक स्प्रिंग आणि बाजूला तांबूस धातूची पातळ पट्टी. दांडीला एका बाजूने छोटा पाय असतो, तो या पट्टीला दूर ढकलून धरतो. बटण दाबले की पाय खाली जातो, पट्टी सुटून दुसऱ्या पट्टीला टेकते आणि अक्षर उमटते. बटण एकूण चार मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर साधारण दोन मिलिमीटरवरच उमटते. म्हणजे अर्ध्या वाटेतच काम झालेले असते. उरलेली अर्धी वाट मी उगीच जोर लावून जात होते.

आता तीन जाती. तिन्हींतला फरक त्या छोट्या पायाच्या आकारात आहे.

पाय सरळ उताराचा असेल तर बोट वरून खालपर्यंत एकसारखे घसरत जाते, वाटेत काही लागत नाही. याला लिनिअर म्हणतात. पायावर छोटा उंचवटा असेल तर अक्षर उमटण्याच्या जरा आधी बोटाला एक अडथळा लागतो आणि तो पार होतो. रस्त्यावरच्या गतिरोधकावरून सायकल जावी तसे. याला टॅक्टाइल म्हणतात. तिसऱ्या जातीत दांडीच दोन तुकड्यांची असते. वरचा तुकडा दाबता दाबता खालचा तुकडा एकदम सुटतो आणि टिक्‌ करून आपटतो. बोटाला अडथळाही लागतो आणि कानाला आवाजही येतो. ही क्लिकी जात.

चेरी कंपनीने १९८० च्या दशकात अशा स्विचची एमएक्स नावाची मालिका काढली आणि जाती ओळखण्यासाठी दांडीला रंग दिले. लाल म्हणजे लिनिअर, तपकिरी म्हणजे टॅक्टाइल, निळा म्हणजे क्लिकी. २०१४ च्या सुमारास त्यांच्या पेटंटची मुदत संपली आणि चिनी कंपन्यांनी तशाच घडणीचे स्विच स्वस्तात काढले. बहुतेकांनी हे तीन रंग तसेच ठेवले, परंतु तसे बंधन कुणावर नाही. इतर रंगांवरून जात ओळखता येत नाही. घेताना जातच विचारावी.

त्या रविवारी माझ्या कीबोर्डमध्ये निळे स्विच होते. मला ते पहिल्याच दिवशी आवडले, हे कबूल करते. टाइपरायटर आठवला. प्रत्येक अक्षराला पावती मिळाल्यासारखे वाटे. टिक्‌ वाजले की अक्षर गेले असे समजावे. पडद्याकडे न पाहता कागदावर नजर ठेवून टाइप करणाऱ्याला याचे सुख मोठे आहे.

परंतु त्यात एक खोच निघाली. आमच्या भागाचा पिनकोड चारावर तीन शून्ये असा सुरू होतो. भराभर टाइप करताना मधूनच एक शून्य गळायचे. मला वाटले, बटण बिघडले. भाच्याने कारण दाखवले. निळ्या स्विचमध्ये अक्षर जिथे उमटते त्याच्या बरेच वर बोट उचलले, तरच तो तुकडा पुन्हा जागेवर बसतो आणि पुढच्या ठोक्याला तयार होतो. अर्धवट उचलून लगेच दाबले तर दुसरा ठोका वाया जातो. निळ्या जातीच्या घडणीतच हे आहे, तो बिघाड नव्हे. पायात फक्त उतार किंवा उंचवटा असलेल्या लाल-तपकिरी जातींत हे अंतर फार थोडे असते. एकच अंक दोन-तीनदा येणारी कामे ज्यांना रोज आहेत, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आणि आवाज. मी एक साधा प्रयोग केला. हे कामावर गेले असताना त्यांच्या उशीवर मोबाइल ठेवून ध्वनिमुद्रण सुरू केले आणि पडद्याअलीकडे एकच अर्ज टाइप केला. नंतर ऐकले तर प्रत्येक ठोक्याचे दोन आवाज होते, आधी बारीक टिक्‌ आणि मागोमाग जड ठक्‌. टिक्‌ स्विचच्या पोटातले होते. ठक्‌ मात्र बटण तळाला आपटल्याचे होते. पहिला आवाज स्विचचा, दुसरा माझ्या हाताचा. तो अर्ज ऐकताना मला स्वतःचीच लाज वाटली. या आवाजात माणूस रविवारी सकाळी झोपायचा प्रयत्न करत होता आणि एकदाच थट्टेने बोलून गप्प राहिला होता.

मी निळे स्विच काढले आणि लाल बसवले. इथे एक सूचना. स्विचच्या खाली दोन बारीक धातूच्या तारा असतात. त्या सरळ करून, स्विच उभा धरून, खालून कीबोर्डला हाताचा आधार देऊन दाबावा. माझ्याकडून घाईत एक तार वाकली आणि ते अक्षर उमटेनाच. काढून नखाने तार सरळ केली, पुन्हा बसवला, चालू झाला. बटण एकदम मुके झाले तर आधी ही तार बघावी.

लाल स्विचमध्ये टिक्‌ गेले. मला वाटले, आता शांतता झाली. पुन्हा उशीवर मोबाइल ठेवला. टिक्‌ नव्हते, पण ठक्‌ तसेच होते. उलट किंचित वाढले होते. लाल बटण हलके असते, वाटेत अडवणारे काही नसते, त्यामुळे माझे टाइपरायटरी बोट थेट तळाला जाऊन आदळत होते. लिनिअर म्हणजे बिनआवाजी, असा समज पुष्कळांचा असतो. ती जात फक्त स्वतःहून आवाज करत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आपटणारा हात आपटतच राहतो.

याच लाल स्विचच्या दिवसांत माझ्या हातून चूक झाली. शेजारच्या मावशींची निराधार पेन्शन त्यांच्या नव्या बँक खात्यात जमा व्हावी म्हणून मी अर्ज टाइप करून दिला. मावशींना लिहिता-वाचता येत नाही, त्यांनी विश्वासाने अंगठा उमटवला. दोन महिने पैसे आले नाहीत. त्या दोनदा कार्यालयाच्या पायऱ्या चढून आल्या. शेवटी मी माझ्याकडची प्रत काढून पासबुकाशी ताडली, तर खाते क्रमांकात सातानंतर एक आठ जादा होता. मावशी एवढेच म्हणाल्या, "जाऊ दे बाई, तू तरी किती बघशील." ते शब्द मला टोचले. अर्ज वाचून न पाहता दिला, ही चूक माझीच. पण ती झाली कशी, हेही मला शोधायचे होते.

कीबोर्डच्या दोन चुका सारख्या दिसतात, पण त्यांची कारणे वेगळी असतात. एका दाबात तेच अक्षर दोनदा उमटते, तेव्हा दोष बहुधा स्विचचा असतो. आतल्या पट्ट्यांवर धूळ किंवा गंज बसला की त्या नीट न टेकता थरथरतात आणि संगणकाला दोन ठोके गेल्यासारखे वाटते. पण शेजारचे अक्षर जादा आले, तर बहुधा बोटाचा स्पर्श कारण असतो. माझ्या अर्जात दोन सात नव्हते, सातानंतर आठ होता. तरीही खात्री केली. सातचे बटण सावकाश, मोजून पन्नास वेळा दाबले. पडद्यावर पन्नासच सात आले. आठचेही पन्नासच. स्विच निर्दोष होते. अंकांच्या ओळीकडे हात ताणताना माझे शेजारचे बोट आठवर घासत होते आणि लाल बटणाला तेवढे पुरेसे होते.

किती पुरेसे, तेही मोजले. दहा रुपयांचे नाणे पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरते. नाणे बटणापेक्षा रुंद, शेजारच्या बटणांना टेकते, म्हणून बटणावर खोडरबराचा लहान तुकडा ठेवला आणि त्यावर एकेक नाणे अलगद चढवत गेले. लाल बटणावर सहाव्या नाण्याला अक्षर उमटले. म्हणजे सुमारे पंचेचाळीस ग्रॅम. तपकिरी सातव्या नाण्यालाही तग धरून होते, आठव्याला गेले. निळ्यालाही आठ नाणी लागली. कार्यालयातल्या जुन्या रबरी कीबोर्डवर नववे नाणे ठेवावे लागले. लाल आणि तपकिरी यांच्यात फरक एक-दोन नाण्यांचाच, पण चुकून टेकलेल्या बोटाला अडवायला तेवढा उपयोगी पडतो. शिवाय तपकिरीत उंचवट्यामुळे बोटाला आधी सूचना मिळते. लालमध्ये अक्षर उमटेपर्यंत बोटाला काहीच कळत नाही.

ज्यांचा हात हलका आहे, बोटे बटणांवर टेकून ठेवण्याची सवय नाही, त्यांना लाल फार सुखाचे आहे. माझी दहावीतली मुलगी त्यावरच खूष होती. ती टाइपरायटरवर कधी शिकलेली नाही, तिचे बोट तळाला आपटत नाही. तिचे ध्वनिमुद्रण केले तर त्याच लाल बटणांचा आवाज माझ्या निम्म्याहूनही कमी वाटला. स्विच चांगला की वाईट हे हात पाहिल्याशिवाय ठरत नाही, हे मला घरातच दिसले.

मग तपकिरी बसवले. पहिल्या दिवशी निराशा झाली. उंचवटा कुठे आहे तेच कळेना. या जातीचा उंचवटा अगदी पुसट असतो, भराभर आणि जोरात टाइप केले तर बोट त्यावरून निघून जाते. काहींना त्यात वाळूचा कण अडकल्यासारखेही वाटते. मी एक बटण अगदी सावकाश दाबून पाहिले, तेव्हा तो सापडला. मग रोज रात्री जेवणानंतर दहा मिनिटे मुद्दाम हळू टाइप करायचे ठरवले. उंचवटा ओलांडला की बोट थांबवायचे आणि उचलायचे, तळाला न्यायचे नाही. तीन आठवडे गती घसरली. चौथ्या आठवड्यात ती परत आली आणि बोट स्वतःहून अर्ध्या वाटेवरून वळू लागले. क्लासमधल्या बाईंनी शिकवलेले मला असे पंचवीस वर्षांनी विसरावे लागले. त्यांचे शिकवणे त्यांच्या यंत्रासाठी अचूक होते, आता यंत्र बदलले आहे.

पुन्हा उशीवर मोबाइल ठेवला. आता ध्वनिमुद्रणात अक्षरांची हलकी कुजबुज होती, पण मधेमधे एक खडखड ठळक ऐकू येई. ती जागा सोडण्याच्या लांब बटणाची होती. लांब बटण एका बाजूला कलू नये म्हणून त्याखाली तारेची दांडी असते, ती कोरडी असली की वाजते. भाच्याने तारेच्या दोन्ही टोकांना काडीने किंचित घट्ट ग्रीस लावले आणि खडखड गेली. कीबोर्डखाली जुना टॉवेल दुमडून ठेवला, तेव्हा टेबलाच्या फळीत उतरणारा दणकाही कमी झाला. टेबल पोकळ असले की ढोलासारखे घुमते, हे आधी लक्षातच आले नव्हते.

बाजारात रबराच्या बारीक कड्या मिळतात. त्या बटणाच्या टोपीच्या आत बसवल्या की तळाला आपटण्याचा ठक्‌ मऊ होतो. पण निळ्याचे टिक्‌ त्याने जात नाही, कारण ते स्विचच्या आत होते. निळा कीबोर्ड घेऊन वर कड्या बसवण्यात पैसे घालवू नयेत. ज्यांच्या घरी एकच खोली आहे आणि कुणीतरी कायम झोपलेले, आजारी किंवा अभ्यास करत असते, त्यांनी सायलेंट नावाची जात पाहावी. त्यात दांडीलाच आत रबराचे मऊ तुकडे असतात, त्यामुळे खाली टेकतानाचा आणि वर येतानाचा असे दोन्ही आवाज दबतात. स्पर्श मात्र थोडा गिळगिळीत लागतो, तो सर्वांना आवडत नाही.

आता माझी व्यवस्था अशी आहे. अक्षरांना सगळीकडे तपकिरी स्विच आहेत. अंकांच्या ओळीत मी जरा घट्ट टॅक्टाइल स्विच बसवले आहेत, तिथे चुकून स्पर्श झाला तर महागात पडतो म्हणून. निळे स्विच पिशवीत ठेवले आहेत. त्यांतला एकच परत बसवला आहे, अगदी कडेच्या, मी फारसे न वापरणाऱ्या बटणावर. कधीतरी घरी कुणी नसताना तो दाबते. टिक्‌ वाजते आणि टायपिंग क्लास आठवतो.

मावशींचा अर्ज मी दुसऱ्यांदा टाइप केला, तेव्हा खाते क्रमांक पासबुकावरून एकेक अंक मोठ्याने वाचून ताडला आणि मुलीकडून पुन्हा वाचून घेतला. ही सवय कोणताही स्विच लावून देत नाही, ती वेगळी लावून घ्यावी लागली. पुढच्या महिन्यात त्यांची पेन्शन जमा झाली, मागच्या दोन महिन्यांसकट.

परवाच्या रविवारी मी तीन अर्ज टाइप केले. साडेअकराला आमचे हे उठून बाहेर आले, डोळे चोळत म्हणाले, "आज काम नव्हतं का गं तुला?" मी छापलेले कागद पुढे धरले.